शेड बरोबर होती, तरी चेहरा राखाडी का दिसला? सांगलीतल्या एका नवरीचं प्रकरण

एप्रिल संपत आला होता. लग्नाला आठ दिवस उरले असताना एक मुलगी आईला घेऊन विश्रामबागेतल्या माझ्या मेकअपच्या खोलीवर आली. बसायच्या आधीच तिनं मोबाइल पुढे केला. साखरपुड्याचा फोटो होता. निळी पैठणी, नथ, केसात मोगऱ्याचा गजरा, सगळं जागच्या जागी होतं आणि चेहरा मात्र राखाडी होता, आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसासारखा. हनुवटीच्या जरा खाली, गळ्यावर, रंग एकदम बदलत होता. मान तिची स्वतःची होती, तुकतुकीत सावळी. वरचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

"ताई, तेव्हाच्या मेकअपवालीनं शेड माझीच लावली होती. मनगटावर लावून दाखवली, मी हो म्हटलं," ती म्हणाली. मग पर्समधून फाउंडेशनची अर्धी वापरलेली बाटली काढली. "म्हणून नंतर मी स्वतः शोधून ही मागवली. ही लावली की दहा मिनिटं बरी दिसते, मग चेहरा भोपळ्यासारखा होतो."

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "एक शेड उजळच घ्या की ताई. लग्नात जरा उठून दिसू दे पोरगी."

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण यात चूक दोनदा झाली, दोन उलट बाजूंनी झाली, आणि दोन्ही वेळा शेडचा उजळ-गडदपणा अचूक होता. चुकली होती ती झाक, म्हणजे अंडरटोन. एकाच चेहऱ्यावर हे इतकं स्वच्छ बघायला क्वचित मिळतं.

आधी गडदपणा बाजूला काढला

सकाळचे अकरा वाजले होते आणि माझी खिडकी उत्तरेकडे उघडते. थेट ऊन येत नाही, पण उजेड भरपूर असतो. शेड बघायला याच्याहून चांगला दिवा नाही. तिला साध्या पाण्यानं चेहरा धुवायला सांगितला आणि पंधरा मिनिटं नुसतं बसवलं. टॉवेलनं पुसल्यावर कातडीवर जो लालसरपणा येतो तो उतरायला तेवढा वेळ लागतो, आणि त्या लालीवर शेड जुळवली तर पहिल्याच पायरीला फसगत होते. तिची ओढणी राणी रंगाची होती, ती काढायला लावली. गडद कपड्याचा रंग उडून गळ्यावर आणि हनुवटीखाली पडतो. केस पांढऱ्या टॉवेलात बांधले, खांद्यावरही पांढरंच कापड टाकलं.

साखरपुड्याला वापरलेल्या बाटलीचा फोटो तिच्याकडे होता. तीच शेड माझ्या पेटीत निघाली. तिच्या जबड्याच्या हाडापासून मानेपर्यंत बोटभर रुंदीचे दोन पट्टे ओढले, डावीकडे साखरपुड्याची शेड आणि उजवीकडे तिनं मागवलेली. मग वीस मिनिटं घड्याळ लावून थांबलो.

त्यानंतर तिथेच खिडकीत फोटो काढला आणि मोबाइलमधलाच फिल्टर लावून तो काळापांढरा केला. दोन्ही पट्टे जवळजवळ दिसेनासे झाले. काकूंनी मोबाइल हातात घेऊन जवळ नेला, लांब नेला.

"कुठं गेले?"

"कुठं गेले नाहीत काकू, मी फक्त रंग काढून टाकला. आता जे उरलंय तो नुसता उजळ-गडदपणा. त्यात दोन्ही बाटल्या पोरीच्या कातडीशी जुळतात."

फिल्टर काढला आणि पट्टे पुन्हा उठून आले. डावा गुलाबीसर राखाडी, उजवा नारिंगी. हा प्रयोग घरी कुणालाही करता येतो. पट्टा आणि कातडी एकाच फोटोत, एकाच उजेडात असतात, त्यामुळे मोबाइलनं रंग थोडाफार बदलला तरी तो दोन्हींचा सारखाच बदलतो. काळ्यापांढऱ्यात पट्टा दिसला तर गडदपणा चुकला. काळ्यापांढऱ्यात नाहीसा झाला आणि रंगीत फोटोत दिसला, तर गडदपणा बरोबर आणि झाक चुकली. तिच्या बाबतीत दुसरी गोष्ट होती, आणि तिच्या आईनं सुचवलेला उपाय पहिल्या गोष्टीवरचा होता. एक शेड उजळ घेऊन डावा पट्टा नुसता उजळ राखाडी झाला असता.

झाक म्हणजे नेमकं काय

कातडीचा रंग एका पदार्थानं होत नाही. मेलॅनिन असतं, तेही दोन तऱ्हांचं, एक काळपट तपकिरी आणि एक लालसर पिवळं. कातडीखालून रक्त वाहत असतं, त्याची लाली वर येते. शिवाय गाजर, पपई, पालेभाज्यांतून येणारं कॅरोटीन थोडी पिवळाई देतं. मेलॅनिन किती आहे यावरून मुख्यतः गडदपणा ठरतो. या सगळ्यांचं एकमेकांशी प्रमाण काय आहे यावरून झाक ठरते. पिवळी-सोनेरी बाजू जड असेल तर तिला वॉर्म म्हणतात. गुलाबी, लाल किंवा निळसर बाजू जड असेल तर कूल. दोन्ही तोलात असतील तर न्यूट्रल. रंग मोजायच्या यंत्रातही उजळपणाचा आकडा L* वेगळा निघतो आणि लाल-हिरव्याचा a* व पिवळ्या-निळ्याचा b* हे दोन वेगळे. म्हणजे ही फोड मेकअपवाल्यांनी काढलेली नाही, ती रंगातच आहे.

आपल्या भाषेला हे ठाऊक होतं असं मला नेहमी वाटतं. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे लग्नाच्या जाहिरातींतले शब्द उजळ-गडदपणाचे. पण माझी आजी एखादीला 'केतकी' म्हणायची आणि दुसरीला 'तांबूस गोरी'. दोघी सारख्याच गोऱ्या असायच्या. केतकी म्हणजे केवड्याच्या पानासारखी पिवळसर, आणि तांबूस म्हणजे जिच्या कातडीत रक्त दिसतं ती. हा फरक अंडरटोनचाच आहे. गोऱ्यांसाठी हे शब्द टिकले. सावळ्यांमध्येही सोनेरी सावळी, तांबूस सावळी, निळसर सावळी असतेच, पण तिला सगळे एकाच शब्दात कोंबतात, आणि मग दुकानातही तिला एकाच खणातली बाटली मिळते.

डोळा गडदपणा माफ करतो, झाक करत नाही

काकूंना हे पटवायला मी मुलीला खिडकीत तिरकी बसवलं. उजेडाकडचा गाल, नाकाचा शेंडा, कपाळ ही उंच जागा उजळ दिसत होती. पलीकडचा गाल आणि जबड्याखालचा भाग गडद. एकाच चेहऱ्यावर दोन-तीन शेडचा फरक नुसत्या उजेड-सावलीनं पडला होता आणि कुणालाही तो विचित्र वाटत नव्हता. आपला डोळा जन्मभर हेच बघत आलेला असतो. त्यामुळे फाउंडेशन अर्ध्या शेडनं उजळ झालं तर डोळा समजतो की तिथे उजेड पडलाय. अर्ध्या शेडनं गडद झालं तर सावली समजतो.

सावली पडून पिवळसर कातडी गुलाबी मात्र कधी होत नाही. मान सोनेरी आणि गाल गुलाबी राखाडी, हे कुठल्याच उजेडानं घडत नाही, म्हणून डोळ्याला त्याचं एकच स्पष्टीकरण सापडतं की वर काहीतरी लावलंय. त्यात शेजारचा रंगही खेळ करतो. पिवळसर मानेला लागून गुलाबी आला की तो आहे त्याहून जांभळट भासतो. साखरपुड्याच्या फोटोतला निम्मा राखाडीपणा असा मानेमुळे आलेला होता. नुसता चेहरा कापून बघितला तर तो इतका वाईट दिसत नव्हता. मी तिला अंगठ्यानं मान झाकून फोटो बघायला सांगितलं, तेव्हा तिच्याही लक्षात आलं.

दुसरं कारण कामाचं आहे. गडदपणातली चूक नंतर सावरता येते. कडेला ब्राँझर, मध्ये थोडी उजळ पावडर, मानेपर्यंत ओला स्पंज ओढला की हद्द विरते. झाकेतली चूक स्पंजनं विरत नाही, ती नुसती पसरते. साखरपुड्याला ते फाउंडेशन मानेवरही ओढलं होतं असं ती म्हणाली, आणि फोटोत तेच दिसत होतं. हद्द हनुवटीवरून सरकून गळ्यावर आली होती, एवढंच.

याला मर्यादा आहेच. दोन-तीन शेडनं उजळ लावलं तर झाक कितीही बरोबर असो, मुखवटा दिसणारच. मी म्हणते ते अर्ध्या-एक शेडच्या फरकाबद्दल.

राखाडी आणि नारिंगी कुठून आले

फाउंडेशनच्या बाटलीवरचं लहान अक्षर वाचलं तर बहुतेक सगळ्या शेडवर तेच चार आकडे दिसतात. CI 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. CI 77492 पिवळा, CI 77491 तांबडा आणि CI 77499 काळा, हे तिन्ही लोहाचे ऑक्साइड. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत मुख्यतः या चौघांच्या प्रमाणानंच शेड बनते. लेबलवर प्रमाण लिहिलेलं नसतं, त्यामुळे वाचून शेड कळत नाही, पण बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो.

साखरपुड्याची शेड कूल होती. त्यात पिवळा कमी, आणि तेवढा गडदपणा राखायला पांढरा व काळा जास्त. पांढरा आणि काळा मिसळला की राखाडी होतो, त्यातही निळसर राखाडी. सावळ्या कातडीवर हा निळसर थर बसला की राखेचा हात फिरवल्यासारखं दिसतं. म्हणून सावळ्या मुलींना 'उजळवायला' पांढरं मिसळणं ही सगळ्यात वाईट सवय आहे. गोरेपणा येत नाही, राख येते.

तिनं मागवलेली बाटली याच्या उलट होती, वॉर्म आणि तीही पक्की सोनेरी. लावल्या लावल्या ती बरी दिसली होती, पण विसाव्या मिनिटाला पट्टा गडद होऊन नारिंगीकडे गेला. याला सगळे ऑक्सिडाइज झालं म्हणतात. खरं तर लोहाचे ऑक्साइड आधीच ऑक्साइड असतात. घडतं ते असं, की फाउंडेशनमधलं पाणी आणि उडून जाणारं सिलिकॉन वाळतं, कातडीचं तेल त्यात मुरतं आणि रंगाचे कण ओल्या वाळूसारखे गडद दिसू लागतात. दुकानात मनगटावर ठिपका लावून दोन मिनिटांत घेतलेली बाटली घरी वेगळी निघते, ती यामुळे. वीस मिनिटं थांबल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

ती वॉर्म आहे हे तिला कुणी सांगितलं

तिनं मनगट पुढे केलं. "शिरा हिरव्या आहेत ना ताई? हिरव्या म्हणजे वॉर्म, असं व्हिडिओत होतं."

ही चाचणी आपल्याकडे फार चालते आणि आपल्याच कातडीवर ती सगळ्यात जास्त फसते. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. कातडीतून उजेड विखरून बाहेर येतो त्यामुळे शीर निळसर भासते. त्यावर मेलॅनिनचा पिवळट तपकिरी थर आला की निळ्यावर पिवळं, म्हणजे हिरवं. गव्हाळ ते सावळ्या कातडीत हा थर बहुतेकांना असतो, म्हणून शिरा बहुतेकांच्या हिरवट दिसतात. ती चाचणी आपल्यातल्या दहाजणींना वॉर्मच म्हणेल, आणि मग तिचा उपयोग काय राहिला? सोनं शोभतं की चांदी, या चाचणीचंही तसंच. आपल्या डोळ्याला सोन्याची इतकी सवय आहे की नवरीला सोनं शोभत नाही असं म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे.

मी दोन कापडं वापरते. एक दुधासारखा पांढरा टॉवेल आणि एक न धुतलेलं मांजरपाट, ज्याला मुळातच पिवळट रंग असतो. खिडकीत बसवून एकामागून एक हनुवटीखाली धरायचं आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. वॉर्म कातडी मांजरपाटाशेजारी भरलेली, निरोगी दिसते आणि पांढऱ्याशेजारी पिवळी पडते. कूलचं उलट, पांढऱ्यात ती स्वच्छ दिसते आणि मांजरपाटात मळकट. या मुलीच्या चेहऱ्यात दोन्ही वेळा फारसा फरक पडला नाही. मी तीन-चार वेळा कापडं बदलली, काकूंनाही विचारलं. त्यांनाही ठरवता येईना. ठरवता न येणं हीच न्यूट्रलची पहिली खूण.

नुसत्या कापडावर मात्र मी बाटली उघडत नाही. तिचं कपाळ आणि गालाची हाडं उन्हानं रापली होती, कारण ती रोज स्कूटीवरून मिरजेला नोकरीला जाते. ओठांभोवती काळसर पिगमेंटेशन होतं. अशा चेहऱ्यावरून झाक वाचायला गेलं की रापलेपण सोनेरी वाटतं आणि मुलगी आहे त्याहून वॉर्म ठरते. म्हणून कानामागची जागा आणि गळ्याच्या हाडाखालची कातडी बघितली, जिथे ऊन पोचत नाही. तिथे ती चेहऱ्याहून एक शेड उजळ होती, आणि ना पिवळी, ना गुलाबी. थोडी पिवळाई होती, पण तिला तोलणारी तांबूस छटाही होती.

आता तीन पट्टे ओढले. एकाच कंपनीच्या, एकाच गडदपणाच्या तीन शेड, झाक तेवढी वेगळी. बाटलीवरच्या सी, एन, डब्ल्यू या अक्षरांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, कारण कंपन्यांच्या पद्धती सारख्या नाहीत. काही ठिकाणी तर अक्षराचा अर्थ आपण समजतो त्याच्या उलटा असतो. म्हणून आधी तिन्ही थेंब पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी टाकून मगच कोण पिवळं आणि कोण गुलाबी ते ठरवलं. पट्टे ओढल्यावर वीस मिनिटांनी कूल पट्टा राखाडी, वॉर्म पट्टा नारिंगी. मधला शोधायला मला बोट लावून तेलकटपणा चाचपावा लागला. काकू म्हणाल्या, "मधला लावलाच नाही की काय?"

उजळ हवंच असेल तर

काकूंचा आग्रह मी उडवून लावला नाही. त्यांना पोरीचा चेहरा उठून दिसायला हवा होता, आणि ते मागणं चुकीचं नाही. मी तोच न्यूट्रल एका शेडनं उजळ घेतला आणि फक्त कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या दांड्यावर, डोळ्यांखाली आणि हनुवटीच्या टोकावर थापला. कडेला आणि जबड्यावर मूळची शेड. दोन्हींची झाक एकच असल्यामुळे सीमा कुठेच दिसेना. चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा झाला. मग त्यांच्या समाधानासाठी एका गालावर तेवढाच उजळ, पण कूल थेंब लावला. तो लगेच वेगळा पडला, पीठ सांडल्यासारखा. त्यांनी स्वतःच कापूस घेऊन तो पुसला.

ओठांभोवतीच्या काळसरपणावर फाउंडेशनच्या आधी पीच-नारिंगी करेक्टर अगदी पातळ लावायचं ठरलं. न्यूट्रल फाउंडेशनचं काम तो काळसरपणा झाकायचं नाही. ते त्याच्यावर ढकललं की थर जाड होतो आणि जाड थर पुन्हा राखाडीकडे जातो.

राहिली तिची ती सोनेरी बाटली. फेकायची नव्हती. गडदपणा जुळत होता, तेवढं पुरेसं होतं. स्टीलच्या पॅलेटवर तिचे दोन थेंब आणि त्याच गडदपणाच्या कूल शेडचा एक थेंब घोटला, आणि मिळालेला रंग न्यूट्रलच्या जवळ आला. दोन्ही सिलिकॉनच्या बेसची होती म्हणून ती एकजीव झाली. एक पाण्याच्या बेसचं असतं तर फाटून दाणे सुटले असते, चेहऱ्यावर लावायच्या आधी पॅलेटवरच कळतं. कूल शेड जवळ नसेल तर निळ्या मिक्सरनंही नारिंगीपणा उतरतो, पण तो सुईच्या टोकाएवढा घ्यावा लागतो. जरा जास्त झाला की रंग हिरवट होतो आणि गडदही.

हळद

निघताना मी काकूंना एकच गोष्ट दोनदा सांगितली. "हळद गालाला, हाताला, पायाला नुसती लावून घ्या. गळ्याला चोळू नका. आणि उतरवताना आधी तेल, मग बेसन. साबण नको."

सांगलीत हे सांगणं सोपं नाही. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात, घराघरात ओळखीची हळद येते आणि ती रंगाला चांगली जहाल असते. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पाण्यानं कितीही धुतलं तरी कातडीच्या वरच्या थरात पिवळाई दिवस-दोन दिवस राहते. साबण क्षारयुक्त असतो, आणि क्षार लागला की हळद लाल होते. हळद आणि चुना मिसळून कुंकू करायची जुनी पद्धत यावरच उभी आहे. हळद माखलेल्या गळ्याला साबण लावला की घटकाभर लालसर डाग उठतात आणि घरात घबराट होते, ॲलर्जी आली म्हणून.

लग्नाच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मिरजेच्या कार्यालयात पोचले. चेहरा बेसनानं छान उतरला होता. गळ्याला मात्र वहिन्या-मावशींनी मनसोक्त हळद लावली होती, आणि लावणारच. न्यूट्रल मान त्या दिवसापुरती वॉर्म झाली होती. शिवाय मुहूर्ताला मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसायची होती, तिचा पिवळा उजेड आणखी हनुवटीखाली पडणार.

अशा वेळी चेहऱ्याची शेड बदलायचा मोह होतो. मी ती बदलली नाही. हळद हा वरचा डाग आहे, झाक नाही, आणि तिला धरून चेहरा सोनेरी केला असता तर स्वागत समारंभापर्यंत तो नारिंगी झाला असता. आधी कापसावर बदाम तेल घेऊन गळा हलक्या हातानं दोनदा पुसला. कापूस पिवळा झाला, पण गळा पुरता निवळला नाही. मग ठरलेला न्यूट्रल चेहऱ्यावर जसाच्या तसा लावला. जबड्याखालच्या दोन बोटं पट्ट्यासाठी पॅलेटवर न्यूट्रलचे तीन थेंब आणि वॉर्मचा एक थेंब घोटून तो ओल्या स्पंजनं पातळ ओढला. खाली हळदीच्या मानेत तो मिसळला, वर चेहऱ्यात. गळ्यावर पूर्ण फाउंडेशन लावलं नाही, कारण मेच्या उन्हाळ्यात ते तासाभरात अष्टपुत्रीच्या काठाला लागतं.

खोलीतली ट्यूब पांढरी निळसर होती, आरशाभोवतीचे बल्ब पिवळे. एकात चेहरा फिका दिसे, दुसऱ्यात सोनेरी. काम झाल्यावर तिला व्हरांड्यात उजेडात नेऊन बघितलं आणि तिथेच फोटोग्राफरला फ्लॅश मारून एक फोटो काढायला लावला. पावडर सिलिकाची आणि जास्त झालेली असेल तर फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा फटक येतो आणि मग झाकेवर खापर फुटतं. फोटो बरा आला. मोठा करून जबड्याची कड बघितली. हद्द सापडली नाही.

ती पुन्हा आली ती ऑगस्टमध्ये, पहिल्या मंगळागौरीच्या आधी. मधल्या काळात पावसाळा सुरू झाला होता, लग्नानंतर रजा आणि नवं घर, त्यामुळे स्कूटी बंद आणि ऊन नाही. रापलेपण उतरलं होतं. आम्ही तेच दोन कापड आणि तेच तीन पट्टे पुन्हा केले. मेमधला न्यूट्रल आता काळ्यापांढऱ्या फोटोत जरा गडद दिसला. रंगीत फोटोत मात्र तो ना पिवळा होता, ना गुलाबी. तिनं त्याच अक्षराची, एक आकडा अलीकडची बाटली घेतली.